माध्यम क्रमांक तीन

चंदीगडच्या सेक्टर ३९-ए मध्ये ‘इमटेक’ नावाने ओळखली जाणारी सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. १९८४ साली ती सुरू झाली आणि १९८६ मध्ये तिथे जिवाणू-बुरशींचा एक संग्रह उभा राहिला. त्याचं लांबलचक नाव कुणी घेत नाही, सगळे एमटीसीसी म्हणतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या महाराष्ट्रातल्या कॉलेजांत आणि औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांत ‘एमटीसीसी ४४३’ हा ई. कोलाय किंवा ‘एमटीसीसी ४४१’ हा बॅसिलस सब्टिलिस बहुतेकांनी हाताळलेला असतो. तो येतो काचेच्या करंगळीएवढ्या बंद नळीतून. नळीच्या तळाशी पांढरट भुकटी असते. गोठवून, पाणी काढून झोपवलेले ते जिवाणू असतात. त्यांना उठवायचं तर आधी जेवण तयार हवं. कोणत्या जिवाणूला कोणतं जेवण लागतं, हे संग्रहाच्या यादीत क्रमांकाने दिलेलं असतं. न्यूट्रिएंट अगारचा क्रमांक तीन.

हे माध्यम मी पहिल्यांदा केलं ते चंदीगडमध्येच, एका प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून गेलो होतो तेव्हा. पहिली खेप पूर्ण वाया गेली. चोवीस प्लेट ओतल्या आणि चोवीसच्या चोवीस फेकल्या. ती गोष्ट पुढे येईलच, कारण काय बिघडलं हे त्या प्लेटनीच सांगितलं.

आधी जिन्नस. एक लिटर माध्यमाला बीफ एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट २ ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, अगार १५ ग्रॅम आणि उरलेलं ऊर्ध्वपातित पाणी. बेरीज २८ ग्रॅम. बाजारात मिळणाऱ्या तयार पावडरीच्या डब्यावरही बहुधा लिटरला २८ ग्रॅमच लिहिलेलं असतं, फक्त आतलं प्रमाण थोडं वेगळं असतं. तयार पावडर वापरण्यात कमीपणा काहीच नाही. पण एकदा तरी सुटे जिन्नस तोलून माध्यम करावं, म्हणजे कोण काय काम करतं ते कळतं.

पेप्टोन म्हणजे अर्धवट पचवलेलं प्रथिन. अख्खं प्रथिन बहुतेक जिवाणूंना फोडता येत नाही, तुकडे करून दिले की खाता येतं. बीफ एक्स्ट्रॅक्ट हा मांसाचा आटवलेला अर्क. त्यातून खनिजं आणि विरघळणारे सेंद्रिय पदार्थ मिळतात. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून मुख्यतः ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. मीठ पेशीच्या आतबाहेरच्या पाण्याचा तोल राखतं. आणि अगार? त्याला जेवणात काही स्थान नाही. ते ताट आहे.

अगार आपल्याला अनोळखी नाही. घरात ज्याला चायना ग्रास म्हणतात, थंडगार पुडिंगमध्ये घालतात, ते हेच. समुद्री शेवाळापासून काढलेलं. ते प्रयोगशाळेत आलंही स्वयंपाकघरातूनच. १८८१ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणारे वॉल्टर हेसे जिलेटिनवर जिवाणू वाढवत होते. जिलेटिन अठ्ठावीस अंशांच्या आत-बाहेर पातळ होतं आणि कित्येक जिवाणू ते खाऊनही टाकतात. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी आपल्या जेलीत वापरायचं अगार सुचवलं. कॉख यांनी १८८२ च्या क्षयरोगावरच्या लेखात अगारचा उल्लेख केला, फॅनीबाईंचा मात्र नाही. चंदीगडच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे जिलेटिनच्या प्लेटचं दुपारपर्यंत सूप होईल. अगारचं वैशिष्ट्य असं की ते वितळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, पण एकदा वितळलं की चाळीसच्या खाली उतरेपर्यंत गोठत नाही. या दोन तापमानांमधली ही प्रचंड दरी आहे म्हणूनच प्लेट ओतता येते.

आता प्रत्यक्ष कृती. पाचशे मिलिलिटर करू, कारण त्याहून कमी करायला गेलं की बीफ एक्स्ट्रॅक्टचं वजन इतकं थोडं येतं की साध्या तराजूवर चुकतं. म्हणजे बीफ एक्स्ट्रॅक्ट अर्धा ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट एक ग्रॅम, पेप्टोन आणि मीठ प्रत्येकी अडीच ग्रॅम, अगार साडेसात ग्रॅम. बीफ एक्स्ट्रॅक्ट बहुधा काकवीसारखं चिकट येतं. ते चमच्यातून निघता निघत नाही. त्यावर सोपा तोडगा म्हणजे बटर पेपरच्या चिठोऱ्यावर तोलायचं, चिठोऱ्यासकट कोमट पाण्यात टाकायचं आणि अर्क सुटला की कागद चिमट्याने काढून घ्यायचा. पेप्टोन हवेतलं पाणी ओढतं. जुलैत पावसाळी हवेत बरणी पाच मिनिटं उघडी राहिली तरी गुठळ्या होतात, आणि मग आपण पेप्टोनबरोबर पाणीही तोलतो. बरणी उघडा, घ्या, लगेच बंद करा.

पाणी ऊर्ध्वपातितच हवं. चंदीगडच्या नळाला काजौलीहून भाक्राच्या कालव्याचं पाणी येतं. पिण्याला उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही. हे क्षार पेप्टोनमधल्या फॉस्फेटशी जुळून तापवल्यावर गढूळ साका धरतात. त्या गढूळपणात बारीक वसाहती दिसत नाहीत.

चारशे मिलिलिटर कोमट पाण्यात अगार सोडून बाकी सगळं विरघळवायचं. अगार आत्ता घालायचं नाही. का, ते पीएच मोजताना कळतं. पीएच मीटरचं टोक नाजूक काचेचं असतं. त्यावर अगारचा थर बसला की आकडा अडखळतो आणि टोकही खराब होतं. शिवाय अगार वितळलेलं ठेवायचं तर द्रव कढत हवा, आणि मीटर तर पंचवीस अंशांच्या आसपास लावलेला असतो. म्हणून अगार नसलेलं द्रावण थंड होऊ द्यायचं, मीटर आधी ७ च्या आणि मग ४ किंवा ९ च्या जवळच्या प्रमाण द्रावणात लावून घ्यायचा आणि मगच टोक बुडवायचं.

बहुधा आकडा सातच्या थोडा खाली येतो, कारण पेप्टोन आणि अर्क किंचित आम्ल असतात. आपल्याला हवा आहे ७.४, दोन दशांश इकडेतिकडे चालेल. एक नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे शंभर मिलिलिटरमध्ये चार ग्रॅम, ड्रॉपरने थेंब थेंब टाकायचं. प्रत्येक थेंबानंतर ढवळायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. या माध्यमात पीएच धरून ठेवणारं फारसं काही नाही, जे आहे ते पेप्टोनचंच. त्यामुळे ६.९ ते ७.२ सावकाश जातं आणि मग एखाद्या थेंबाला आकडा एकदम उडी मारतो. शेवटचे दोन-तीन थेंब दहापट पातळ द्रावणाचे टाकलेले बरे. चुकून आठच्या पुढे गेलात तर एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने मागे आणता येतं, पण हे मागेपुढे तीन-चारदा झालं की दर वेळी थोडं मीठ तयार होऊन माध्यमात भर पडते. मग ते फेकून नवं करावं.

इथे एक बारकावा आहे, जो पुस्तकात असतो पण हाताला उशिरा कळतो. ऑटोक्लेव्हमधून बाहेर आलेल्या माध्यमाचा पीएच आत घातल्यापेक्षा एक-दोन दशांश कमी असतो. म्हणून ७.५ ला थांबावं. उलट्या बाजूने, माध्यम बरंच आम्ल राहिलं, सहाच्याही खूप खाली, आणि तसंच एकशे एकवीस अंशांना शिजलं तर अगारच्या साखळ्या तुटतात. प्लेट मग घट्ट होत नाही, खरवसासारखी लिबलिबीत राहते. प्लेट गोठली नाही की नवशिके अगार कमी पडलं म्हणतात. बऱ्याचदा दोष पीएचचा असतो.

पीएच लागला की मोजपात्रात पाणी घालून बरोबर पाचशे करायचं आणि पाचशे मिलिलिटरच्या दोन शंकूपात्रांत अडीचशे-अडीचशे वाटायचं. आता प्रत्येकात पावणेचार ग्रॅम अगार. आधी वितळवून मग वाटायला गेलात तर एका पात्रात दाट आणि दुसऱ्यात पातळ येतं. पात्रात सुटी पावडर तरंगत राहिली तरी हरकत नाही, ऑटोक्लेव्हच ती वितळवणार आहे. पात्र अर्धंच भरलेलं हवं, कारण आत ते उकळून वर येतं. तोंडाला न भिजणाऱ्या कापसाचा बूच, त्यावर ब्राउन पेपर आणि दोरा. औषधाच्या दुकानातला साधा कापूस पाणी शोषतो आणि भिजलेल्या बुचातून जिवाणू चालत आत जातात.

माझी पहिली खेप फसली ती या टप्प्यावर. ऑटोक्लेव्ह जुना, उभा, वर दाबाचा काटा आणि शेजारी हवा जाऊ देणारी तोटी. मी पाणी पाहिलं, पात्रं ठेवली, झाकणाचे स्क्रू आवळले आणि तोटीही लगेच बंद केली. काटा १५ पौंडांवर गेला. मी घड्याळ लावून वीस मिनिटं मोजली. सगळं नियमाप्रमाणे झालं असं वाटलं. प्लेट छान गोठल्या. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटरमधून काढल्या तर प्रत्येक प्लेटमध्ये टाचणीच्या टोकाएवढे दुधाळ ठिपके, आणि ते वर नव्हते, अगारच्या आत, निरनिराळ्या खोलीवर रुतलेले.

तिथे एक वयस्कर तंत्रज्ञ होते. सगळे त्यांना पाजी म्हणत. त्यांनी प्लेट उजेडाकडे धरली, तिरकी केली आणि विचारलं, “तोटी कधी बंद केलीस?”

काटा दाब दाखवतो, तापमान नाही. भांड्यात निव्वळ वाफ असेल तर १५ पौंड दाबाला १२१ अंश मिळतात. पण आत हवा अडकून राहिली असेल तर दाबातला एक वाटा हवेचा असतो. निम्मी हवा राहिली तर काटा तोच १५ दाखवतो आणि आत असतात साधारण ११२ अंश. काहीच हवा गेली नसेल तर जेमतेम शंभर. शंभर अंशांना साधे जिवाणू मरतात, बॅसिलससारख्यांचे बीजाणू तगतात, आणि धूळ म्हणजे अशा बीजाणूंची पोतीच. माझ्या माध्यमात ते पेप्टोनबरोबर किंवा पात्रातून आधीच शिरलेले होते. शिजवताना मेले नाहीत, ओतताना सगळ्या प्लेटमध्ये सारखे वाटले गेले आणि रात्रभरात उगवले.

म्हणून तोटी उघडी ठेवूनच तापवायचं. आधी फुरफुर करत हवा येते, मग वाफ-हवेचं मिश्रण, आणि शेवटी जोरकस, सलग, एकसंध वाफ. ती काही मिनिटं तशीच जाऊ द्यायची आणि मग तोटी बंद. १५ पौंड झाल्यावर घड्याळ सुरू करायचं. अडीचशे मिलिलिटरच्या पात्राला वीस मिनिटं मी देतो. पंधरा हा आकडा छोट्या नळ्यांसाठी ठीक आहे, मोठ्या पात्राच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो. वेळ झाल्यावर उष्णता बंद करायची आणि काटा आपोआप शून्यावर येऊ द्यायचा. घाईने तोटी उघडलीत तर दाब एकदम पडतो, शंभरच्या वर असलेलं माध्यम खदखदून बूच उडवतं. चंदीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर आहे. त्याने तापमानात अर्ध्या-पाऊण अंशाचा फरक पडतो, तो सोडून द्यावा. लेहमध्ये मात्र सोडता येणार नाही.

ऑटोक्लेव्ह नसेल तर घरचा प्रेशर कुकर चालतो, त्याचं वजनही १५ पौंडांच्या आसपासच उचलतं. तिथेही वजन न ठेवता आधी वाफ सलग येऊ द्यायची, मग वजन ठेवायचं, दाब आल्यावर आच मंद करून पंचवीस मिनिटं मोजायची. शिट्ट्या मोजून निर्जंतुकीकरण होत नाही.

बाहेर काढलेल्या पात्रात वरचं पाणी स्वच्छ आणि तळाशी अगारचा दाट थर असा प्रकार असतो. पात्र हळूच गोल फिरवून तो एकजीव करायचा. हलवायचं नाही, बुडबुडे येतात. मग ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात ठेवायचं. पाजींची खूण अशी होती की पात्र मनगटाच्या आतल्या बाजूला लावून ‘एक, दोन, तीन’ म्हणेपर्यंत सोसलं तर ओतायला तयार. त्याहून गरम ओतलं तर वाफ झाकणाला लागून पाणी होतं, ते थेंब खाली पडून पुढे वसाहती एकमेकींत वाहून नेतात. त्याहून थंड ओतलं तर प्लेटमध्ये गुठळ्या आणि लाटा. चंदीगडच्या जानेवारीत खोलीच दहा-बारा अंशांची असते. तेव्हा पात्र पाण्यातून काढून जरा गप्पा मारल्या की कडेला साय धरते. त्या महिन्यांत निम्म्या प्लेट ओतून झाल्या की पात्र परत पाण्यात ठेवणं भाग असतं.

ओतण्याच्या आधी पंखा बंद, खिडकी बंद. मेच्या वाऱ्यात राजस्थानकडून आलेली धूळ असते, तेव्हा ही सूचना फक्त शिस्तीपुरती नाही. टेबल सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायचं. शुद्ध अल्कोहोल कमी काम करतं, कारण प्रथिनं साकळायला थोडं पाणी लागतं. पुसलेलं पूर्ण वाळल्याशिवाय बर्नर पेटवायचा नाही, हाताला चोळलेलंही. अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी नीट दिसत नाही, म्हणून हातावरचा जाळ उशिरा कळतो.

निर्जंतुक प्लेट ज्योतीच्या जवळ मांडायच्या. ज्योतीमुळे गरम हवा वर चढते आणि खाली पडणारी धूळ बाजूला ढकलली जाते. ती छत्री वीतभरच असते, त्याच्या आतच काम. उजव्या हाताच्या करंगळीने बूच काढायचा आणि करंगळीतच धरून ठेवायचा. टेबलावर ठेवलात तर तो गेला. पात्राची मान ज्योतीतून फिरवायची. डाव्या हाताने झाकण शिंपल्यासारखं एका बाजूने उचलायचं, पात्राचं तोंड आत जाईल एवढंच, पण प्लेटच्या कडेला न टेकवता. साधारण वीस मिलिलिटर ओतायचं. नव्वद मिलिमीटरच्या प्लेटमध्ये त्याचा तीन-साडेतीन मिलिमीटर जाड थर होतो. अंदाज असा की तळ झाकला गेला आणि वर थोडं आलं. झाकण लावून प्लेट टेबलावरच हलक्या हाताने फिरवायची. एका पात्रातून बारा प्लेट होतात. काम चालू असताना बोलायचं नाही. आपल्या तोंडातून जे उडतं ते या माध्यमावर मजेत वाढतं.

वीस मिनिटांत प्लेट गोठतात आणि पिवळसर, पारदर्शक दिसतात. मग उलट्या करायच्या, झाकण खाली. वाफेचं पाणी झाकणात साचतं, अगारवर पडत नाही.

यानंतरचा टप्पा बहुतेक नवशिके गाळतात आणि त्यांचं तिथेच चुकतं. ओतलेल्या प्लेट लगेच वापरायच्या नाहीत. सगळ्या उलट्या करून ३७ अंशांना एक रात्र ठेवायच्या. जास्तीचा ओलावा वाळतो आणि दोष असला तर तो उगवून येतो. दोन प्लेट आणखी चार दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्याव्यात, कारण बुरशी सावकाश येते. पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि जे उगवेल ते लगेच फेकू नका, वाचा. वसाहती अगारच्या आत रुतलेल्या आणि सगळ्या प्लेटमध्ये असतील तर माध्यम शिजलंच नाही, माझ्यासारखं. एखाद-दुसऱ्या प्लेटमध्ये, पृष्ठभागावर, कुठेतरी मधोमध एकच गोल वसाहत असेल तर ती हवेतून पडली, झाकण जास्त उघडं राहिलं. कडेला लागून वाढ असेल तर पात्राची मान प्लेटला टेकली. पहिल्या प्लेट स्वच्छ आणि शेवटच्या चार खराब असतील तर हात थकला किंवा मान पुन्हा तापवायची राहिली. पाण्याच्या ओघळासारखी पसरलेली चकचकीत साय दिसली तर झाकणावरचं पाणी खाली उतरलं. हे निदान मी पाजींकडून शिकलो. त्यांनी प्लेटचं झाकण एकदाही उघडलं नाही. अनोळखी वाढ आलेली प्लेट उघडायची नाही, बंदच ऑटोक्लेव्ह करून मग फेकायची.

या माध्यमावर सगळंच वाढत नाही हेही माहीत असावं. ई. कोलाय, बॅसिलस, स्टॅफिलोकॉकस खुशीत वाढतात. न्यूमोनियाचा स्ट्रेप्टोकॉकस रक्त मागतो. क्षयाच्या जिवाणूला तर हे जेवण नकोच असतं. स्वच्छ दिसणारी प्लेट म्हणजे नमुन्यात काहीच नव्हतं, असं म्हणता येत नाही.

चांगल्या निघालेल्या प्लेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून, उलट्याच, चार अंशांच्या फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतात. तळावर मार्करने तारीख लिहावी, झाकणावर नको, झाकणं बदलली जातात. अगार न घालता हेच द्रावण नळीत निर्जंतुक केलं की त्याला न्यूट्रिएंट ब्रॉथ म्हणतात. चंदीगडहून आलेली भुकटी आधी त्याच्या काही थेंबांत भिजवायची आणि मग प्लेटवर रेघा ओढायच्या. नळी एकदा फोडली की परत बंद करता येत नाही. म्हणून रात्रभर ठेवलेल्या रिकाम्या प्लेट सकाळी स्वच्छ निघाल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती फोडू नका.